कपड्याचा रंग बोलून सांगणारं ॲप: ते कसं बनवावं आणि कुठे चुकतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दृष्टिहीन व्यक्तीने फोन कपड्यावर धरला की त्याचा रंग मराठीत सांगणारं ॲप आम्ही दोन-तीन जण मिळून बनवतोय. आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तुम्हीही असं काही बनवत असाल किंवा वापरत असाल, तर दोघांनाही उपयोग व्हावा. सगळी उदाहरणं कपड्यांचीच घेतली आहेत, कारण रंग विचारायची सर्वात जास्त गरज कपाटासमोरच पडते.

दिसतच नाही, तर रंग कळून काय करायचं?

हा प्रश्न डोळस माणसंच विचारतात. आमच्या ओळखीचे एक शिक्षक जन्मापासून पाहू शकत नाहीत. त्यांच्याकडे एकाच शिंप्याने, एकाच पोताच्या कापडाच्या शिवलेल्या दोन पँट आहेत, एक काळी आणि एक गडद निळी. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. शाळेच्या कार्यक्रमाला पांढरा शर्ट आणि काळी पँट सांगितली की दर वेळी शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. ती हाक वाचवायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. शिवाय धुण्याचा प्रश्न आहेच. रंग जाणारा नवा लाल कुर्ता पांढऱ्या कपड्यांत भिजवला गेला, तर नुकसान सगळ्या बादलीचं होतं.

काळा की गडद निळा, हा या ॲपपुढचा सर्वात अवघड प्रश्न निघाला. पुढचं बरंचसं विवेचन त्याच्याभोवतीच फिरतं.

कॅमेरा प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे आकडे देतोच. त्यांवरून नाव काढायला अवघड काय आहे?

ते आकडे कापडाचे नसतात, कापडावरून परतलेल्या प्रकाशाचे असतात. त्यात दिव्याचा रंग मिसळलेला असतो. पिवळसर बल्बखाली पांढरा रुमालही पिवळटच परततो. डोळस माणसाचा मेंदू आजूबाजूचं पाहून ही भर नकळत वजा करतो. फोनही तसा प्रयत्न करतो, पण अंदाजाने, आणि नेमकी तिथेच गडबड होते.

फोनमध्ये दोन गोष्टी आपोआप चालू असतात. पहिली म्हणजे उजेडाची जुळवणी. चित्र फार काळं किंवा फार पांढरं येऊ नये म्हणून फोन प्रकाश घेण्याचा वेळ कमी-जास्त करतो. काळी पँट फोनसमोर पूर्ण पसरून धरली, तर फोनला सगळं अंधारलेलं वाटतं, तो वेळ वाढवतो आणि काळ्याचा राखाडी होतो. पांढऱ्या साडीचंही तसंच होतं, तीही राखाडीकडे झुकते. म्हणजे फक्त कापडच दिसत असेल, तर काळा, राखाडी आणि पांढरा यांत फोन फरकच करू शकत नाही. सुरुवातीला आमचं ॲप काळ्या शालीला खात्रीने राखाडी म्हणायचं, ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट म्हणजे पांढऱ्याचा समतोल, कॅमेऱ्याच्या भाषेत व्हाइट बॅलन्स. चित्रात एकूण लाल जास्त दिसला, तर दिवाच लालसर असावा असं समजून फोन तो लाल कमी करतो. लाल साडीने अख्खं चित्र व्यापलं की फोन साडीचाच रंग दिव्याचा समजून पुसायला लागतो. भडक लाल मग विटकरी किंवा मळकट गुलाबी ऐकू येतो. कॅमेरा जितका जवळ न्याल, तितकी ही चूक वाढते. आणि न दिसणारा माणूस स्वाभाविकपणे फोन जवळच नेतो, कारण तसं केल्याने दुसरं काही मध्ये येणार नाही अशी त्याला खात्री वाटते.

मग यावर उपाय काय?

चित्रात एक ओळखीची पांढरी वस्तू ठेवायची. आम्ही पोस्टकार्डाएवढा पांढरा, जाड, चकाकी नसलेला कागद घेतला आणि त्याच्या मधोमध चार सेंटिमीटरचं गोल भोक पाडलं. एक कोपरा तिरका कापला, म्हणजे सुलट बाजू बोटाला कळते. कार्ड कापडावर ठेवायचं, भोकात बोट फिरवून खाली कापडच आहे ना ते पाहायचं आणि फोन साधारण एक वीत वर धरायचा. कॅमेऱ्याला मग कडेने पांढरा कागद आणि मध्ये कापड दिसतं. कार्ड चित्रात पूर्ण आलं की फोन एकदा थरथरतो.

मोजण्याआधी फोनचा आपोआप समतोल आणि उजेड गोठवायचे. अँड्रॉइडच्या `Camera2` मध्ये त्यासाठी `CONTROL_AWB_LOCK` आणि `CONTROL_AE_LOCK` आहेत. त्यानंतरची दुरुस्ती फोनच्या अंदाजावर न ठेवता कागदावरून आपणच करायची. कागद पांढरा आहे हे आपल्याला माहीत असतं. म्हणून कागदाचे तिन्ही आकडे समान यावेत असे गुणक काढायचे आणि तेच कापडाला लावायचे. हे गुणक प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणावर लावायला हवेत. पडद्यासाठी वक्र केलेल्या ० ते २५५ च्या आकड्यांवर थेट लावले, तर गडद रंग हमखास बिघडतात.

कागद निवडतानाही जपावं लागतं. फार शुभ्र दिसणाऱ्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात. दिवसाच्या उजेडात ती निळसर झळकतात आणि मग दुरुस्ती केलेलं कापड पिवळट येतं. दुकानदार ज्या जांभळ्या दिव्याखाली नोट तपासतात, तिथे कागद धरायला एखाद्या दिसणाऱ्या माणसाला सांगा. निळा चमकला तर तो कागद नको.

एखादं उदाहरण आकड्यांसह सांगाल का?

शिक्षकांच्या निळ्या पँटचंच घेऊ. संध्याकाळ, घरातला पिवळसर एलईडी बल्ब. कागदाचे आकडे आले लाल २३०, हिरवा २०५, निळा १६०. भोकातल्या कापडाचे आले ३४, ३०, २७. कागद नसता, तर लाल सर्वात जास्त म्हणून ॲपने गडद तपकिरी सांगितलं असतं.

आता दुरुस्ती. आकडे प्रकाशाच्या प्रमाणात आणले की कागद येतो ०.७९, ०.६१, ०.३५. हिरव्याला धरून बाकीचे समान करायचे, तर लालाला ०.७७ ने आणि निळ्याला १.७३ ने गुणावं लागतं. कापडालाही हेच गुणक लावून परत ० ते २५५ च्या मापात आणलं की उत्तर येतं २९, ३०, ३८. तपकिरी नाहीसा झाला आणि निळ्याची छटा वर आली. दुरुस्तीने इथे नाव अगदी उलट फिरवलं.

पण पुढे बघा. मंद उजेडात कॅमेऱ्याचा प्रत्येक आकडा थोडा हलतो. मूळ निळा २७ च्या जागी कधी २४ तर कधी ३० येतो, आणि १.७३ चा गुणक ही थरथरही वाढवतो. दुरुस्तीनंतरचा निळा मग ३४ पासून ४१ पर्यंत फिरतो. माणसाच्या नजरेला जवळच्या असलेल्या लॅब मापनात आकडा शून्याच्या जितका खाली, तितका निळेपणा जास्त, आणि इथे तो सुमारे −३ पासून −८ पर्यंत जातो. −३ ला बहुतेक डोळस माणसं काळाच म्हणतील, −८ ला गडद निळा. एकच पँट, एकच दिवा, आणि दोन वेळा दोन उत्तरं.

म्हणून अशा ठिकाणी ॲपने एकच नाव ठोकून देऊ नये. आमचं ॲप आता म्हणतं, "काळा किंवा गडद निळा. खिडकीजवळ पुन्हा पाहा." शिक्षकांना हे उत्तर आधी अर्धवट वाटलं. पण चुकीच्या पँटवर शाळेत गेल्यापेक्षा हे बरं, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

बरेच फोटो घेऊन सरासरी काढली तर चूक जाणार नाही का?

आकड्यांची थरथर कमी होते. सोळा फोटोंची सरासरी घेतली की ती चौथाईवर येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे दोन प्रकारचे फोटो घेणं. एक छोट्या वेळेचा, ज्यात कागद नीट येतो, आणि एक आठपट वेळेचा, ज्यात कागद पूर्ण पांढरा पडून वाया जातो पण काळ्या कापडाला भरपूर प्रकाश मिळतो. गुणक पहिल्यावरून, कापड दुसऱ्यावरून.

पण एका बाजूला झुकलेली चूक सरासरीने जात नाही, आणि गडद कापडाच्या बाबतीत खरा त्रास तिचाच आहे. वरच्या उदाहरणात पँट कागदाच्या जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवते. भोवतीच्या पांढऱ्या कागदाचा प्रकाश भिंगात थोडा पसरला आणि त्याचा एक टक्का जरी मधल्या भोकावर आला, तरी तो पँटच्या स्वतःच्या प्रकाशाच्या निम्मा होतो. हा पसरलेला प्रकाश पांढरा असल्याने निळेपणा बुजतो आणि निळी पँट काळसर राखाडी होते. हजार फोटो घ्या, तीच चूक हजार वेळा येईल.

हा पसारा सर्वात जास्त कशाने वाढतो, तर भिंगावर उमटलेल्या बोटांच्या ठशाने. फोन चाचपडत हातात घेताना बोट तिथे जातंच आणि डाग दिसत नाही. त्यामुळे ॲप उघडताच पहिलं वाक्य "भिंग पुसून घ्या" असं ठेवलंय. एवढ्या साध्या वाक्याने आमच्या गडद रंगांच्या चुका जितक्या कमी झाल्या, तितक्या कुठल्याही गणिताने झाल्या नाहीत.

फोनचा फ्लॅश कायम चालू ठेवला तर?

सुती कापडाला फायदा होतो. फ्लॅशचा प्रकाश ठरलेला असतो, त्यामुळे घरातल्या दिव्यावर अवलंबून राहावं लागत नाही. अट एकच, बाकीचा उजेड त्याच्यापुढे क्षीण हवा. भर उन्हात फ्लॅश लावून काही बदलत नाही. रेशीम, साटन किंवा जरीवर मात्र फ्लॅशचा झोत तसाच उलटून येतो आणि मधला भाग पांढरा पडतो. कापडाचे बरेच ठिपके २५५ ला टेकले, तर ॲपने रंग सांगूच नये. "चमक येते आहे, फोन थोडा तिरका करा" एवढं सांगावं.

फ्लॅशचा दुसरा उपयोग डोळस प्रोग्रामरच्या चटकन लक्षात येत नाही. ज्याला दिसत नाही, त्याला खोलीतला दिवा लागलाय की नाही हेही बरेचदा माहीत नसतं. रात्री एकटं असताना दिवा लावायचं कारणच काय? अंधारात कॅमेरा जोर लावून काहीतरी चित्र काढतोच, आणि त्यातल्या कचऱ्यालाही ॲप नाव देऊन मोकळं होतं. म्हणून फोटोबरोबर मिळणारे `SENSOR_SENSITIVITY` आणि `SENSOR_EXPOSURE_TIME` हे आकडे वाचायचे. दोन्ही खूप वर गेले असतील, तर आधी "उजेड कमी आहे" असं सांगून फ्लॅश लावायचा.

दुरुस्ती अचूक केली, तर कुठल्याही दिव्याखाली खरा रंग कळेल ना?

नाही. दिव्यात जो रंगच नाही, तो कापडावरून परत येऊ शकत नाही. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली लाल, निळा, हिरवा सगळं पिवळ्या-काळ्यात जमा होतं, तिथे कार्डही हतबल. स्वस्त एलईडीत गडद लाल भाग तोकडा असतो, त्यामुळे मरून रंग तपकिरी ऐकू येतो. शिवाय दोन कापडं दुकानाच्या दिव्यात हुबेहूब जुळतात आणि बाहेर उन्हात वेगळी निघतात. ब्लाउजपीस जुळवताना "जरा उजेडात दाखवा" असं आपल्याकडे म्हणतात, ते याचसाठी. कॅमेऱ्याचे लाल, हिरवे, निळे गाळण डोळ्यासारखे नसल्याने कधी डोळ्याला एकच वाटणारी कापडं कॅमेऱ्याला वेगळी दिसतात, कधी याच्या उलट. साडी आणि ब्लाउज तंतोतंत जुळतात का, हे या ॲपला विचारू नका.

रंगांची किती नावं ठेवावीत? मोरपंखी, चिंतामणी, आमसुली ही नावं आहेत का?

आधी आम्ही उत्साहाने सत्तरेक नावं घातली. मोरपंखी, डाळिंबी, अबोली, शेवाळी, पोपटी, सगळी. ऐकायला फार गोड वाटायचं. मग एकाच ओढणीला ॲपने लागोपाठ मोरपंखी, निळा आणि हिरवा म्हटलं. घरातल्या तीन डोळस बायकांना विचारलं, तर त्यांचीही तीन उत्तरं आली. नावं जितकी जास्त, तितक्या सीमा जास्त, आणि कॅमेऱ्याची थरथर प्रत्येक सीमेवर नाव बदलायला लावते.

आता मूळ नावं अकरा आहेत: पांढरा, काळा, राखाडी, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, गुलाबी आणि तपकिरी. त्यांना फिकट किंवा गडद जोडायचं. पारंपरिक नाव दुसऱ्या टिचकीवर मिळतं, तेही "मोरपंखीच्या जवळचा" अशा शब्दांत. ज्यांची दृष्टी मोठेपणी गेली, त्यांच्या डोळ्यांसमोर आमसुली म्हणताच तो रंग उभा राहतो, म्हणून ती नावं काढून टाकायला मन झालं नाही.

नाव ठरवताना फक्त रंगचक्रावरची जागा पाहून भागत नाही. तपकिरी म्हणजे अंधारलेला केशरी, त्याला चक्रावर वेगळी जागाच नाही. तो केशरी आहे की तपकिरी, हे शेजारच्या पांढऱ्याच्या तुलनेतच ठरतं. इथेही कार्डच कामी येतं.

ॲपने बोलावं कसं?

थोडकं, आणि विचारल्यावरच. सतत बोलणारी पद्धत आम्ही करून पाहिली. हात जरा हलला की "निळा, राखाडी, निळा, काळा" असा भडिमार व्हायचा आणि नेमकं कोणतं उत्तर धरायचं ते कळायचं नाही. आता आवाजाचं बटण दाबलं की एकदाच मोजायचं आणि एकदाच सांगायचं. पडद्यावरचं बटण शोधावं लागत नाही, कारण दुसऱ्या हाताने कार्ड धरलेलं असतं.

```kotlin
val bhasha = tts.setLanguage(Locale("mr", "IN"))
tts.speak(uttar, TextToSpeech.QUEUE_FLUSH, null, "rang")
```

`QUEUE_FLUSH` मुळे आधीचं अर्धवट वाक्य तुटून नवं सुरू होतं. फोनवर मराठी आवाज उतरवलेला नसला, तर भाषा ठरवतानाच `bhasha` मध्ये `LANG_MISSING_DATA` मिळतं. तेव्हा ॲप मुकं राहता कामा नये. त्या क्षणी जो आवाज उपलब्ध असेल, त्यात तसं सांगावं. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी फोनची सोय, चालू असताना दोन आवाज एकमेकांवर चढू नयेत म्हणून मोजणी सुरू असताना पडद्यावरचा मजकूर बदलायचा नाही.

मराठीचा एक पेच इथे येतो. निळा शर्ट, निळी साडी, निळं पातळ. कापड कोणतं हे ॲपला ठाऊक नसतं, म्हणून ते नेहमी रंगाबद्दलच बोलतं: "रंग गडद निळा." मग व्याकरण कुठेच अडत नाही.

चौकडी, काठपदर आणि पैठणी यांचं काय?

भोकातले ठिपके लॅब मापनात गटांत विभागायचे. दोन मोठे गट स्पष्ट वेगळे निघाले, तर सरासरी न काढता "दोन रंग, लाल आणि पांढरा" असं सांगायचं. सरासरी काढली, तर लाल-पांढरी चौकडी गुलाबी होऊन बसते, आणि तो रंग कापडात कुठेच नसतो.

धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. तिथे ॲपने दिलेलं उत्तर त्या कोनापुरतंच खरं असतं. म्हणून कापड हलवून दोनदा मोजायचं आणि दोन्ही नावं लक्षात ठेवायची.

नोटा, गोळ्या, वायरी ओळखायला वापरू का?

नको. २० ची नोट हिरवट पिवळी आहे आणि २०० ची भडक पिवळी. पिवळ्या बल्बखाली या दोघींत गल्लत व्हायला वेळ लागत नाही. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं MANI नावाचं ॲप २०२० पासून आहे, ते वापरा. ५०० च्या नोटेवर तर बोटाला लागणारं वर्तुळ आणि कडेला पाच रेघा आहेत. गोळ्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात आणि वायरीच्या बाबतीत चूक जिवावर बेतते. ही दोन्ही कामं या ॲपची नव्हेत, हे पहिल्यांदा उघडताना ते स्वतः सांगतं.

अचूकता किती टक्के आहे?

एक आकडा दिला, तर तो फसवा ठरेल. भडक लाल आणि पिवळ्या कपड्यांवर चाचणी केली, तर टक्के हवे तितके वर नेता येतात. तुम्ही स्वतः तपासणार असाल, तर कपाटातून तीस तुकडे निवडा आणि त्यात निम्मे मुद्दाम अवघड घ्या: काळा, गडद निळा, गडद हिरवा, मरून, तपकिरी, मोतिया. खिडकीचा उजेड, पांढरी ट्यूब, पिवळा बल्ब आणि फ्लॅश, अशा चारही प्रकाशांत प्रत्येक तुकडा मोजा. फोन दृष्टिहीन व्यक्तीच्याच हातात द्या, कारण फोन धरण्यातली चूकही ॲपचीच चूक धरायची. मग कोणता रंग कोणाच्या नावाने ऐकू आला, याचा तक्ता मांडा. किती चुकलं यापेक्षा कोणती जोडी चुकली हे पाहा. आमच्या तक्त्यात काळा आणि गडद निळा, मरून आणि तपकिरी, फिकट पिवळा आणि पांढरा या तीन जोड्या वारंवार येतात. त्यामुळे ॲप "किंवा" म्हणतं, ते बहुतेक याच जोड्यांसाठी.

प्रत्येक वेळी कार्ड, फोन, खिडकी एवढी खटपट करायची?

कपडा घरात आला की दिवसाउजेडी एकदा नीट मोजा, शंका राहिलीच तर एखाद्या डोळस माणसाला विचारून पक्कं करा, आणि लगेच खूण करा. शिक्षकांनी निळ्या पँटच्या कमरपट्टीच्या आतून दोऱ्याच्या दोन गाठी मारून घेतल्या आहेत, काळी तशीच ठेवली आहे. आता सकाळी कपाट उघडलं की ते अंगठा पट्टीवरून फिरवतात आणि पँट उचलतात. फोन खिशातच असतो.